साठ तासिका म्हणजे साठ तास नव्हेत: परदेशी मूल्यांकनासाठी अभ्यासक्रमाचं भाषांतर

प्रश्न: मी चिपळूणला राहते, मराठी-इंग्रजी भाषांतराची छोटी कामं करते. ओळखीतल्या एका मुलीनं बी.ए. मराठी केलंय, आता ती कॅनडातल्या एका संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घेतेय. संस्थेनं गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम इंग्रजीत मागितलाय आणि अर्जात ‘क्रेडिट अवर्स’चा रकाना आहे. आमच्या कागदावर ‘श्रेयांक ४, तासिका ६०’ असं छापलंय. साठाचे साठ तास लिहू का? की तिकडच्या क्रेडिटमध्ये बदलून द्यायचं असतं?

उत्तर:

दोन्ही करू नका. कागदावर ‘तासिका’ असेल तर इंग्रजीत ‘लेक्चर पिरियड्स’ लिहा, ‘अवर्स’ नको. श्रेयांक ४ असतील तर ‘क्रेडिट्स’ ४ च ठेवा. या दोन एककांचा अर्थ काय, हे तुम्ही ठरवायचं नाही. तो महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून लेखी घ्यायचा आणि भाषांतरासोबत जोडायचा. कामातला खरा वेळ याच कागदाला लागतो, त्यामुळे भाषांतराला बसण्याआधीच त्याची मागणी करून ठेवा.

आता कारण सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि तिथे एक तासिका बहुतेक ठिकाणी ४८ मिनिटांची असते. हिशेब मांडून बघा. ६० तासिका गुणिले ४८ मिनिटं म्हणजे २८८० मिनिटं, म्हणजे घड्याळी ४८ तास. तुम्ही ‘सिक्स्टी अवर्स’ लिहिलंत तर एका पेपरमागे १२ तास जास्त दाखवले जातात. शेवटच्या वर्षाला सत्रात सहा पेपर असतात. सगळे ६० तासिकांचे धरले तर सत्राला ७२ आणि वर्षाला १४४ तास हवेतले होतात. तिकडच्या तपासनिसाकडे याच विद्यापीठाच्या इतर विद्यार्थ्यांची प्रकरणं आधी येऊन गेलेली असतात. तुमचा आकडा त्या नोंदींपेक्षा पंचवीस टक्क्यांनी फुगलेला दिसला तर संशय एका आकड्यापुरता राहत नाही, सगळ्या भाषांतरावर जातो.

उलट बाजूनंही नुकसान होऊ शकतं आणि ते सहसा लक्षात येत नाही. ‘साठ तास’ हे वर्गातले की अभ्यासाचे एकूण, हे लिहिलं नाही तर वाचणारा आपापल्या सवयीनं अर्थ लावतो. युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिटची पद्धत आहे. तिथे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं एकूण २५ ते ३० तासांचं काम. व्याख्यान, घरचं वाचन, निबंध, परीक्षेची तयारी, सगळं त्यात धरलेलं असतं. ज्याची नजर त्या पद्धतीला सरावलेली आहे त्याला नुसते ‘साठ तास’ म्हणजे जेमतेम दोन क्रेडिटचा विषय वाटेल. इंग्लंडमध्ये दहा तासांच्या एकूण कामाला एक क्रेडिट धरतात, तिथे तेच साठ तास सहा क्रेडिट होतील. तुमच्या ओळखीतली मुलगी कॅनडाला चालली असली तरी हीच फाइल ती पुढे दुसरीकडे वापरण्याची शक्यता असते. म्हणून तास कुठलेही असोत, ते वर्गातले आहेत हे शब्दांत आलंच पाहिजे.

आपल्याकडच्या श्रेयांकाचा अर्थही सगळ्या वर्षांना एकच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या निवडाधारित श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा ट्यूटोरियल, नाहीतर आठवड्याला दोन तास प्रात्यक्षिक. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे शिकण्याचे ३० मानीव तास, वर्षाला ४० श्रेयांक आणि १२०० तास. म्हणजे २०१९ ला पदवी घेतलेल्या मुलीचे ४ श्रेयांक आणि आत्ता शिकत असलेल्या तिच्या धाकट्या भावाचे ४ श्रेयांक कागदावर सारखे दिसतात, पण व्याख्या वेगळी आहे. मूल्यांकनाला तिच्या वर्षाची व्याख्या हवी. नव्या धोरणाच्या परिपत्रकातली व्याख्या तिच्या जुन्या पेपरला चिकटवणं चूक आहे. संकेतस्थळावर नवी माहिती वर आणि जुनी खोल गेलेली असते, त्यामुळे ही गफलत फार सहज होते.

बदलून देण्याचा मोह का टाळायचा, ते एका पेपरवर दाखवतो. भाषाविज्ञानाचा पेपर घ्या: श्रेयांक ४, तासिका ६०. समजा त्या सत्राचे एकूण श्रेयांक २० आहेत. म्हणजे हा पेपर सत्राच्या कामाचा पाचवा हिस्सा झाला. मूल्यांकन संस्था बहुधा याच वाटेनं जातात. तासांना तासांनी भागण्यापेक्षा पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या कामात या विषयाचा वाटा किती, हे त्या पाहतात. कॅनडा-अमेरिकेत पूर्णवेळ सत्र साधारण १५ क्रेडिटचं असतं, त्याचा पाचवा हिस्सा ३. ईसीटीएसमध्ये सत्र ३० चं, तिथे ६ होतील. इंग्लंडच्या हिशेबात सत्र ६० चं, तिथे १२. एकच पेपर, एकच मुलगी आणि आकडे ४, ३, ६ आणि १२. यातला फक्त ४ विद्यापीठानं दिलेला आहे. बाकीचे आकडे काढणं हे त्या संस्थेचं काम आहे, त्याचेच ती पैसे घेते. शिवाय पदवी कोणत्या पातळीला बसते, तीन वर्षांची पदवी तिकडच्या चार वर्षांच्या तुलनेत कशी धरायची, हे निर्णय आधी होतात आणि मग क्रेडिट ठरतात. भाषांतरकाराला तो क्रम दिसत नाही.

खेडच्या एका मुलीच्या एम.ए.च्या कागदांत हा प्रकार मी पाहिला आहे. आधीच्या भाषांतरकारानं श्रेयांकांच्या शेजारी स्वतःच ईसीटीएसचा रकाना वाढवला होता, मुलीला मदत व्हावी या भावनेनं. संस्थेनं विचारलं की हा रकाना मूळ कागदावर कुठे आहे. मूळात नव्हताच. पूर्ण भाषांतर नव्यानं मागवलं गेलं, अर्ज तोवर थांबून राहिला, आणि तिची प्रवेशाची तारीख जवळ आलेली होती. भाषांतरात मूळात नसलेला रकाना येणं म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीनं कागदात फेरफारच, हेतू कितीही चांगला असला तरी.

महाविद्यालयाच्या पत्राबद्दल आता जरा सविस्तर लिहितो, कारण हे पत्र नीट आलं की निम्मं काम झालं. कार्यालयात जाऊन ‘क्रेडिटचं पत्र द्या’ म्हटलंत तर ‘बोनाफाईड’ मिळेल. म्हणून मजकूर तुम्हीच इंग्रजीत टाइप करून न्या आणि प्राचार्यांच्या सहीसाठी ठेवा. त्यात मुलीचं नाव गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच, आसन क्रमांक आणि वर्षं हवीत. मग एक तासिका किती मिनिटांची, आठवड्याला प्रत्येक पेपरच्या किती तासिका आणि सत्रात शिकवण्याचे आठवडे किती, हे यायला हवं. श्रेयांकाची व्याख्या त्या वर्षी लागू असलेल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातून शब्दशः उचलायची आणि परिपत्रकाचा क्रमांक-तारीख द्यायची. शेवटी, शिकवण्याचं आणि परीक्षेचं माध्यम कोणतं तेही एका ओळीत लिहावं. ‘अंदाजे’, ‘साधारणतः’ असे शब्द त्या पत्रात नकोत. मिनिटांचा आकडा मात्र तुम्ही आधी भरून नेऊ नका, जागा कोरी ठेवा. वेळापत्रक पाहून कार्यालयानंच तो भरावा. काही महाविद्यालयांत सकाळच्या आणि दुपारच्या सत्राच्या तासिका वेगळ्या लांबीच्या असतात. आपण ४८ लिहून नेलं तर तिथले लोक विश्वासानं सही करतात आणि चुकीचा आकडा शिक्क्यासह बाहेर पडतो.

हे पत्र हाती आलं की भाषांतरातला रकाना सोपा होतो. पेपरच्या डोक्यावर ‘क्रेडिट्स ४, लेक्चर पिरियड्स ६०’ एवढंच ठेवा. पानाच्या तळाला, चौकटी कंसात, भाषांतरकाराची टीप म्हणून इंग्रजीत एक वाक्य: महाविद्यालयाच्या अमुक तारखेच्या पत्रानुसार एक तासिका ४८ मिनिटांची आहे. गुणाकार करून ४८ तास असंही लिहावं का, असं अनेकजण विचारतात. माझं मत असं की तो आकडा पत्रात असेल तरच लिहावा. आकडेमोड बरोबर असली तरी भाषांतरात मुळातलंच यावं, आणि वाचणाऱ्याला गुणाकार येतो.

भाषांतराला बसण्याआधी मूळ अभ्यासक्रमाची बेरीज करून पाहा. घटक एक ते चार यांच्यापुढे तासिका दिलेल्या असतात. त्यांची बेरीज वरच्या ६० शी जुळते का? पुष्कळदा जुळत नाही. वर ६० आणि खाली प्रत्येक घटकाला १५ असं नीट असतं तेव्हा प्रश्न नाही, पण कधी खालची बेरीज ४५ च येते, कारण उरलेल्या १५ तासिका अंतर्गत चाचणी, चर्चा किंवा प्रकल्पाला ठेवलेल्या असतात आणि तसं छापायचं राहून गेलेलं असतं. कधी सरळ छपाईची चूक असते. कारण ओळखता आलं तरी आकडा दुरुस्त करू नका. जसं आहे तसं उतरवा, टीप द्या की मूळ कागदात घटकांची बेरीज ४५ व एकूण ६० अशीच आहे, आणि प्राचार्यांच्या पत्रात फरकाचा खुलासा मागा. मग आठवड्याच्या तासिका गुणिले आठवडे हाही हिशेब करा: चार गुणिले पंधरा साठ. हे दोन्ही बसले आणि सत्रातल्या सगळ्या पेपरांचे श्रेयांक गुणपत्रिकेवरच्या बेरजेशी जुळले, तर कागद ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. जुळले नाहीत तर बहुधा तुमच्या हातात चुकीच्या वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

चुकीचं वर्ष ही आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण. मुंबई विद्यापीठात श्रेयांकांची सत्रपद्धत २०११-१२ पासून आली आणि त्यानंतर अभ्यासक्रम पुन्हा पुन्हा बदलत गेले. नवा अभ्यासक्रम एकदम तिन्ही वर्षांना लागू होत नाही. पहिल्या वर्षाला लागतो, पुढल्या वर्षी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. त्यामुळे एकाच मुलीची तीन वर्षं तीन वेगळ्या पुस्तिकांत असतात. मुखपृष्ठावर ‘शैक्षणिक वर्ष अमुकपासून अंमलात’ अशी ओळ असते, ती प्रत्येक पुस्तिकेची वाचा आणि गुणपत्रिकेवरच्या वर्षांशी लावून पाहा. एखाद्या वर्षी मुलीला एटीकेटी असेल आणि तिनं तो विषय नंतर दिला असेल तर कोणत्या अभ्यासक्रमावर परीक्षा झाली हेही विचारा.

तुमच्या गावाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात चिपळूणात कितीतरी घरांतली कागदपत्रं गेली. त्या मुलीकडे पुस्तिका नसतील तर संकेतस्थळावरची प्रत छापून त्यावर भाषांतर करायला घेऊ नका, निदान त्यावर महाविद्यालयाचा ‘खरी प्रत’ असा शिक्का आणि सही येईपर्यंत तरी नको. शिक्का प्रत्येक पानावर हवा, फक्त पहिल्या पानावर नको. काही संस्थांना महाविद्यालयाचा शिक्का चालतो, काहींना विद्यापीठाचाच लागतो. विद्यापीठाचा लागत असेल तर कलिन्याची फेरी गृहीत धरा आणि ट्रान्सक्रिप्टचं काम त्याच फेरीत उरका. कोकण रेल्वेनं मुंबई गाठून रांगेत उभं राहायचं आणि मग कळायचं की एक शिक्का राहिला, हे परवडणारं नसतं. संस्थेच्या सूचनांचा छापील कागद सोबत असू द्या. खिडकीवरच्या माणसाला नेमकं काय हवं ते दाखवता येतं.

पेपरांची नावं तुमच्या मनानं भाषांतरित करू नका. गुणपत्रिका इंग्रजीत असते आणि तिच्यावर प्रत्येक पेपरचं इंग्रजी नाव किंवा निदान क्रमांक छापलेला असतो. तेच नाव जसंच्या तसं वापरा, ते तुम्हाला पसंत नसलं तरी. ‘साहित्यशास्त्र’ गुणपत्रिकेवर ‘लिटररी थिअरी’ असेल आणि तुम्ही ‘पोएटिक्स’ लिहिलंत, तर तिकडच्या माणसाला हे दोन वेगळे विषय वाटतील आणि एकाचा अभ्यासक्रम आलाच नाही असा शेरा पडेल. गुणपत्रिकेवर नुसताच ‘मराठी पेपर फोर’ असेल तर तो क्रमांक आधी लिहा आणि पुढे शीर्षकाचं भाषांतर द्या. पेपरचा कोड असल्यास तो अक्षर न अक्षर तपासा. दोन कागद एकमेकांना जोडणारा तोच एक धागा आहे.

आतल्या मजकुरात ओवी, अभंग, बखर, पोवाडा असे शब्द येतील. ते रोमन लिपीत तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे तीन-चार शब्दांत काय ते सांगा. नंतर पुन्हा सांगायची गरज नाही. संदर्भग्रंथांची यादी पूर्ण द्या. लांबलचक असते म्हणून ‘इत्यादी’ म्हणून सोडणारे पाहिले आहेत, पण विषय किती खोलवर शिकवला हे तपासनीस त्या यादीवरूनही जोखतो. ‘उद्दिष्टे’ या भागाचंही तसंच. ‘परिचय करून घेणे’ आणि ‘चिकित्सा करणे’ यांत पातळीचा फरक आहे. दोन्हीला इंग्रजीत एकच गुळगुळीत क्रियापद वापरलं तर तिसऱ्या वर्षाचा पेपर पहिल्या वर्षाचा वाटतो.

तुमच्या कागदात प्रात्यक्षिकं नाहीत, पण पुढे कधी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कागद आले तर लक्षात असू द्या. तिथे श्रेयांक ३ (२+१) असे लिहितात: एकूण तीन, त्यात दोन व्याख्यानाचे आणि एक प्रात्यक्षिकाचा. ती खूण कंसासकट तशीच उतरवायची. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकामागे व्याख्यानापेक्षा जास्त वेळ असतो, त्यामुळे नुसते ‘३’ लिहिले तर प्रयोगशाळेत आणि शेतावर घालवलेला वेळ कागदावरून पुसला जातो.

तुमच्या स्वतःच्या सहीबद्दल. आपल्याकडे न्यायालयानं शपथ दिलेल्या भाषांतरकारांची जर्मनीसारखी व्यवस्था नाही. त्यामुळे ‘सर्टिफाईड ट्रान्सलेटर’ कोणाला म्हणायचं हे ज्या त्या संस्थेच्या नियमावर ठरतं. संस्थेच्या सूचनांत ती ओळ शोधा. कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या भाषांतरकार संघटनेचा सदस्यच हवा असं लिहिलेलं असेल तर तुमचं भाषांतर कितीही चांगलं असलं तरी चालणार नाही, आणि ते मुलीला आजच सांगायला हवं. तशी अट नसेल तर तुमच्या घोषणापत्रात नाव, पत्ता, दोन्ही भाषा येत असल्याचं विधान, मूळ कागदाची पानं किती आणि भाषांतराची किती, हे लिहा आणि नोटरीसमोर सही करा. अर्जदाराच्या नातेवाइकानं केलेलं भाषांतर बहुतेक ठिकाणी नाकारतात. तुम्ही ओळखीच्या आहात, नात्यातल्या नाही, तेव्हा ती अडचण नाही.

राहिला अर्जातला ‘क्रेडिट अवर्स’चा रकाना. तो मुलीनं भरायचा आहे, तुम्ही नव्हे. रकान्याखाली ‘अधिकृत कागदावर दिसतात तसे’ अशा अर्थाची सूचना असेल तर तिनं ४ लिहावेत. ‘कॉन्टॅक्ट अवर्स’ असं वेगळं विचारलं असेल तर महाविद्यालयाच्या पत्रावरून आलेले घड्याळी ४८ तास लिहून शेवटी पत्राचा उल्लेख करावा. सूचनाच नसेल तर तिला संस्थेला ईमेल करायला सांगा. प्रश्न एका ओळीचा ठेवा: आमच्या विद्यापीठाचे श्रेयांक लिहू की वर्गातले तास? उत्तर आलं की त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा. आणि महाविद्यालयाचं पत्र बंद लिफाफ्यात थेट पाठवायचं आहे की तुमच्या भाषांतराला जोडून चालेल, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. लिफाफा एकदा उघडला की तो पुन्हा मिळवायला परत कार्यालय गाठावं लागतं.